झुरळं-उंदरांबद्दल घरमालकाला पत्र लिहिलंय का? तुमचा अनुभव सांगा

मी लातूरला तळमजल्यावर दोन वर्षांपासून भाड्यानं राहते. मार्चपासून तीनदा स्वतःच्या पैशानं फवारणी करून घेतली. दर वेळी तीन आठवडे बरे जायचे, मग पुन्हा तेच. मालककाकांना चारदा तोंडी सांगितलं. "माणसं राहतात तिथं झुरळं असायचीच" एवढंच उत्तर यायचं. त्यांना वाटायचं मी त्यांच्या घराला नावं ठेवतेय, आणि मला वाटायचं ते माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवताहेत. शेवटी जूनमध्ये एक आठवडा रोज रात्री नुसतं पाहिलं आणि मग पत्र लिहिलं. तेच इथं देते.

"१४ जून

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

घरात झुरळं आणि उंदीर पुन्हा पुन्हा येत आहेत. तीन फवारण्यांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. ७ ते १३ जून रोज रात्री अकरानंतर मी पाहणी केली. मोठी तांबडी झुरळं न्हाणीच्या जाळीतून आणि मागच्या चेंबरपाशीच दिसली, ओट्याखाली एकही नाही. सिंकचा पाइप भिंतीतून जातो तिथं दोन बोटं मोकळी जागा आहे. त्यात कागदाचा बोळा घट्ट बसवला, तो तीन सकाळी बाहेर ढकललेला सापडला. मागच्या दाराखाली पाऊण इंच फट आहे, तिथं पसरलेल्या पिठात उंदराची पावलं उमटली.

म्हणून विनंती की चेंबरचं फुटलेलं झाकण बदलावं, पाइपभोवतीचं भोक बुजवावं, न्हाणीला नवी जाळी बसवावी आणि दाराला खालून पत्र्याची पट्टी मारावी. ही कामं ३० जूनपर्यंत व्हावीत. आपल्याला सवड नसेल तर मिस्त्री मी आणते, खर्च आधी ठरवू. दुपारी चारनंतर मी घरीच असते. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही द्यावी.

आपली भाडेकरू"

काका तिसऱ्या दिवशी आले. बोळ्याचं कळल्यावर स्वतः खाली वाकून बघितलं. तीन कामं झाली, चेंबर राहिलं, कारण ते शेजाऱ्यांसोबत सामाईक आहे. उंदीर बंद झाले. मोठी झुरळं कमी झालीत, पण आहेत. तुम्ही कसं लिहिलंत, काय झालं?

पेस्ट कंट्रोलवाला, संभाजीनगर

ताई, पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे "ओट्याखाली एकही नाही". मोठं तांबडं झुरळ गटारातून वर येतं. बारीक, फिक्कट, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ फ्रिजच्या मोटारीपाशी, मिक्सरखाली, ट्रॉलीच्या फटीत घर करतं आणि बहुतेक वेळा खोक्यांतून, जुन्या सामानातून आत आलेलं असतं. पहिल्याला दुरुस्ती लागते. दुसऱ्याला जेलचे ठिपके लागतात, तेही दोन-तीन आठवड्यांनी परत, कारण अंड्यांच्या कोशाला औषध लागत नाही आणि एका कोशातून तीस-चाळीस पिल्लं निघतात. मालकाला पत्र लिहिताना कोणतं झुरळ आहे ते लिहाच, नाहीतर तो फवारणीवाला पाठवतो आणि भोक तसंच राहतं.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. न्हाणीच्या ट्रॅपमध्ये पाणी साचलेलं असतं, तेच गटाराचं दार बंद ठेवतं. उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येतो, लोक एक न्हाणी वापरणंच सोडतात, ट्रॅप कोरडा पडतो आणि झुरळांना रस्ता मोकळा. दोन दिवसांआड तांब्याभर वापरलेलं पाणी तिथं ओता. चेंबर होईपर्यंत एवढं तरी करा.

आणि पाइपभोवती नुसतं सिमेंट भरलंय का? ओलं असतानाच उंदीर उकरतो. आत तारेची घासणी ठासून वरून सिमेंट लावायला सांगा.

भाडेकरू, जालना

एवढं गोड लिहायची गरज काय? कायदाच आहे. पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, काम स्वतः करायचं आणि भाड्यातून कापायचं. मी मित्राला हेच सांगितलंय.

निवृत्त कोर्ट कारकून, नांदेड

अर्धं बरोबर आहे, भाऊ. आपल्या मराठवाड्यात आधी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून राज्यभर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. नोटीस किमान १५ दिवसांची हवी. त्यानंतरही वाजवी वेळेत काम झालं नाही तर भाडेकरू ते करून खर्च कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना ६,००० भाडं असेल तर वर्षाचे ७२,०००, म्हणजे १८,००० पर्यंतच.

तुमची चूक पुढं आहे. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, परवानाधारक आहात. हे कलम तुम्हाला सरळ लावता येत नाही. करारात दुरुस्ती कोणाकडे लिहिली आहे ते आधी वाचा. मित्रानं भाडं कापलं असेल तर त्याला आजच थांबवा.

ताईंनी १४ ला पत्र देऊन ३० तारीख दिली आणि पोच घेतली, हे चोख झालं.

घरमालक, परभणी

मालकाचंही ऐका. मला भाडेकरूनं रात्री साडेबाराला झुरळांचे बारा फोटो पाठवले. खाली एक ओळ: "काहीतरी करा." मी काय करायचं? फवारणी केली, दोनदा. तिसऱ्या वेळी मीच जाऊन बघितलं तर मे महिन्यात काळी माती फाटून मागची फरशी भिंतीपासून सुटली होती. त्या भेगेत अख्खा पंजा जायचा. खाली घुशीनं माती उकरून ढीग घातला होता. भेगेत मुरूम ठोकून वरून कोबा केला, तेव्हा थांबलं. दर उन्हाळ्यात तिथं बघावं लागतं, माती पुन्हा हलते. कुठं दिसलं एवढं एक वाक्य त्यानं लिहिलं असतं तर माझे दोन फवारण्यांचे पैसे वाचले असते.

अंबाजोगाई

आमच्याकडं माळवदावर हरभऱ्याची चाळीस पोती आहेत, उंदरानं खालची फाडली. झिंक फॉस्फाइड ठेवलं तर चालंल का?

पेस्ट कंट्रोलवाला, संभाजीनगर

दादा, इथं भाड्याच्या घराचं चाललंय, तरी सांगतो. खायच्या धान्याजवळ ते विष नको, माळवदात मेलेला उंदीर सापडतही नाही. पोती भिंतीपासून दोन फूट सोडून लाकडी फळ्यांवर ठेवा आणि भिंतीकडेनं सापळे लावा.

विद्यार्थिनी, लातूर

आम्ही तिघींनी मिळून असंच पत्र दिलं. मालकीण काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, "पटत नसेल तर खोली सोडा." बारावीचं वर्ष होतं, सोडता येईना. भिंतीतलं भोक आम्हीच बुजवलं. नवीन मुली आल्या की त्या पत्राचा फोटो त्यांना देते, भोक कुठं कुठं आहे ते त्यात लिहिलेलं आहे.

धागा सुरू करणारी, लातूर

तारेच्या घासणीचं विचारलं मिस्त्रींना, नुसतंच सिमेंट होतं. या रविवारी उकरून परत भरतोय.

कारकून काका, एक शंका आहे. चेंबर दोन घरांचं आहे. शेजारचे मालक पुण्यात राहतात, त्यांचा नंबर काकांकडं आहे पण दोघांचं बोलणं बंद आहे. माझा त्यांच्याशी करारच नाही, मग पत्र मी लिहू की काकांच्या सहीनं जाऊ दे?

निवृत्त कोर्ट कारकून, नांदेड

तुमच्या पत्राला ते बांधील नाहीत. काकांच्या सहीनंच जाऊ द्या, मजकूर तुम्ही लिहून द्या. ते सही करतील का, हे तुम्हालाच माहीत.