मदत हवी आहे: 8 बिट पीसीएम, तरी आवाज खरखरीत का?

तारतुटका
आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरवर घेतोय. सॅम्पलिंग रेट 8000, बिट 8, म्हणजे 256 लेव्हल. सूत्राने 6.02 × 8 + 1.76 = 49.9 डीबी यायला हवेत. प्रत्यक्षात नुसती खरखर. गणित तीनदा तपासलं. परवा दाखवायचंय, लवकर सांगा.

गुळाचा_चहा
सीडीसारखं 44100 आणि 16 बिट घ्या, प्रश्नच मिटतो.

सोल्डरवाला
त्याने डेटा सेकंदाला 8000 बाइटवरून 88200 वर जाईल, खरखर मात्र तिथेच राहील. तारतुटका, माइक कुठला, बोर्ड कुठला, एडीसीचा रेफरन्स किती? कोडही टाका. यातलं काहीच लिहिलेलं नाही.

तारतुटका
अर्डुइनो उनो, रेफरन्स 5 व्होल्ट. साधा इलेक्ट्रेट माइक, पुढे LM358, गेन 10. सीरियल 115200 वर. loop मध्ये एवढंच आहे:

```
Serial.write(analogRead(A0) >> 2);
delayMicroseconds(125);
```

सोल्डरवाला
रेट 8000 नाहीच. analogRead ला स्वतःलाच साधारण 112 मायक्रोसेकंद लागतात. त्यात तुमचे 125 मिळवले की 237, म्हणजे सेकंदाला जेमतेम 4200 सॅम्पल. घड्याळ लावून 10 सेकंद रेकॉर्ड करा आणि फाइलचा आकार बघा. 80000 बाइट हवेत, तुमच्याकडे 42000 च्या आसपास भरतील.

तारतुटका
42 हजार आणि वर थोडे! आवाज चिमणीसारखा येत होता, मला वाटलं स्पीकरच तसा आहे.

सोल्डरवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. 4200 ने घेतलेलं 8000 ने वाजवलं तर दुप्पट वेगाने पळणारच. शिवाय 2100 हर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून येतं, ते वेगळंच. delay काढा, टायमर लावा:

```
TCCR1A = 0;
TCCR1B = _BV(WGM12) | _BV(CS10);
OCR1A = 1999;
TIMSK1 = _BV(OCIE1A);
```

16 मेगाहर्ट्झ भागिले 2000, बरोबर 8000. इंटरप्टमध्ये फक्त खूण करा, वाचन loop मध्ये. एडीसीचा प्रीस्केलर 128 वरून 64 करा, नाहीतर 125 मधले 112 वाचनातच जातात.

परीक्षार्थी_२
सीडीचा बिट रेट 44.1 × 16 × 2 = 1411.2 केबीपीएस बरोबर ना? उद्या पेपर आहे.

सोल्डरवाला
बरोबर. पण वेगळा धागा काढा.

तारतुटका
आता 80 हजार भरतात, सूरही ठीक. खरखर तशीच.

सोल्डरवाला
फाइलमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा किती?

तारतुटका
120 आणि 135.

सोल्डरवाला
मग 256 पैकी तुम्ही 16 लेव्हल वापरताय. एक पायरी 5 ÷ 256, म्हणजे 19.5 मिलिव्होल्ट, आणि तुमचा आवाज शिखर ते शिखर जेमतेम 300 मिलिव्होल्ट. कागदावर 8 बिट, हातात 4: साधारण 26 डीबी. ते 49.9 पूर्ण पट्टा भरणाऱ्या साइन लहरीसाठी आहेत. गेन 100 करा.

एक्सचेंजकर
गेन कशाला? ए-लॉ लावा. आपल्याकडे टेलिफोनला तेच आहे, 64 केबीपीएसमध्ये हळू आवाजही स्वच्छ येतो.

सोल्डरवाला
ए-लॉ चांगलाच, पण त्यात आवाज आधी 13 बिटइतक्या बारीक पायऱ्यांनी मोजून मग 8 मध्ये बसवतात. इथे 8 बिट आधीच कापलेत. 16 लेव्हलचं काहीही करा, सतरावी येत नाही.

एक्सचेंजकर
10 बिट तरी घेऊन लावता येईल की. >> 2 काढून बघायला काय जातं?

सोल्डरवाला
मान्य, त्याने चौपट पायऱ्या मिळतील. पण गेनने दहापट मिळतात, तेही फक्त रेझिस्टर बदलून. एक लक्षात ठेवा: LM358 5 व्होल्टवर साडेतीनच्या वर जात नाही. बायस 2.5 वर ठेवलात तर लहरीचा माथा कापला जाईल. MCP6002 घाला.

तारतुटका
MCP6002 मिळाला. आकडे आता 50 ते 205. खरखर बरीच गेली! पण ‘स’ आणि ‘श’ अजून चिरचिरतात.

गुळाचा_चहा
फिल्टर नाही ना? 4.7 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरड, 3386 हर्ट्झवर कापतो. काम झालं.

सोल्डरवाला
एवढ्यावर होणार नाही. तो 5000 हर्ट्झला फक्त 5 डीबी खाली आणतो, आणि ‘स’ मधले ते 5000 तुमच्याकडे 3000 होऊन परत येतात. MCP6002 मधला दुसरा ऑप-अँप रिकामा आहे, त्यावर सेकंड ऑर्डर फिल्टर बांधा.

एक्सचेंजकर
त्यापेक्षा 16000 ने घ्या आणि कॉम्प्युटरवर गाळा.

सोल्डरवाला
115200 वर सेकंदाला 11520 बाइटच जातात. सीरियल वाढवावा लागेल.

तारतुटका
परवापर्यंत यातलं कुठलं जमेल?