ट्रोपोनिन ६८ आलं म्हणून अँजिओग्राफी करायची का?

मंजिरी_ठा
बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह जुना, क्रिएटिनिन ३.४, डायलिसिस अजून सुरू नाही. परवा रात्री ताप, खोकला आणि धाप लागली म्हणून ॲडमिट केलं. एक्स-रेमध्ये उजवीकडे न्यूमोनिया. ऑक्सिजन ८८, नाडी ११८, हिमोग्लोबिन ८.१. छातीत दुखत नव्हतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन ६८ आलं, तीन तासांनी ७१. आज बाहेरच्या लॅबमधून केलं तर २४. डॉक्टर म्हणतात हार्ट अटॅक येऊन गेला, उद्या अँजिओग्राफी करू. भाऊ म्हणतो लगेच करा, माझं मन धजत नाही. काय समजायचं?

जुना_जीपी
ताई, मन धजत नाही म्हणून थांबू नका. ७१ पर्यंत चढलं आणि २४ वर उतरलं, अटॅकची खूण यापेक्षा वेगळी काय असते? छातीत दुखलं नाही याला मधुमेहात अर्थ नाही. असे पेशंट नुसती धाप लागली म्हणून येतात आणि ईसीजी काढल्यावर आपलेच डोळे पांढरे होतात. तालुक्याच्या गावी निम्मं आयुष्य प्रॅक्टिस केली. ट्रोप पॉझिटिव्ह दिसलं की मी पेशंट शहराकडे रवाना करायचो. उगाच पाठवल्याबद्दल शिव्या खाल्ल्या तरी चालतं, चुकवल्याबद्दल नको.

लॅबवाला_मिरज
उतरलं की नाही ते ठरवण्याआधी एक काम करा. तिन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि आकडा सोडून टेस्टचं नाव वाचा. ट्रोपोनिन टी लिहिलंय की आय? आणि आकड्यापुढचं एककही पाहा. काही लॅब अजून नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तिथे ०.०६८ म्हणजेच हे ६८.

मंजिरी_ठा
पहिल्या दोन्हींवर 'हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी' आहे. बाहेरच्यावर 'ट्रोपोनिन आय'. एकक तिन्हींवर नॅनोग्रॅम प्रति लिटर.

लॅबवाला_मिरज
मग काहीच उतरलेलं नाही. टी आणि आय ही दोन वेगळी प्रथिनं, दोन वेगळी मशीनं. टीची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी १४ धरतात. आयची कंपनीगणिक बदलते, एका नेहमीच्या किटवर पुरुषांसाठी ३४ आहे. त्या किटवर केलं असेल तर २४ नॉर्मलमध्येच बसतं. त्यातून किडनीच्या पेशंटमध्ये टी वाढलेलं आणि आय नॉर्मल, ही जोडी आम्ही कायम बघतो. चढउतार बघायचा तर तीच टेस्ट, त्याच लॅबमध्ये. नातेवाईक 'खात्री करायला' बाहेर सॅम्पल पाठवतात आणि सगळा गोंधळ वाढवून ठेवतात.

सायकलवेडा
मी तर सरळ सांगेन, ही टेस्टच फसवी आहे. हाफ मॅरेथॉन पळून आलो, संध्याकाळी थोडं गरगरलं म्हणून बायकोनं हॉस्पिटलात नेलं. ट्रोपोनिन मर्यादेच्या दुप्पट. रात्रभर ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी नॉर्मल. हृदय ठणठणीत. तेव्हा बाबांचं पण असंच काहीतरी असणार, घरी आणा.

डॉ_शर्वरी
सायकलवेडा, तुमच्यात टेस्ट चुकली नव्हती. लांब पळल्यावर काही तासांत ट्रोपोनिन थोडं वाढतं आणि बहुतेकांत एक-दोन दिवसांत खाली येतं. तेवढं खरोखरच स्नायूतून बाहेर पडलेलं असतं. पण त्यावरून न्यूमोनिया झालेल्या, ऑक्सिजन ८८ असलेल्या माणसाला घरी आणायचा सल्ला देऊ नका हो.

मंजिरी, मी आयसीयूत काम करते, पण बाबांना पाहिलेलं नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारण्यासाठी म्हणून वाचा.

हृदयाच्या पेशीतलं बहुतेक ट्रोपोनिन आकुंचन पावणाऱ्या तंतूंना चिकटलेलं असतं. थोडं पेशीच्या पाण्यात सुटं असतं. रक्तपुरवठा तुटला की सुटं आधी बाहेर येतं, म्हणून दोन-तीन तासांत आकडा हलायला लागतो. मग तंतू विरघळत जातात आणि उरलेलं दिवसच्या दिवस पाझरत राहतं. एकदा रक्तात आलेलं ट्रोपोनिन तसं लवकर निघून जातं, तासा-दोन तासांत निम्मं होतं. तरीही अटॅकनंतर आय आठवडाभर आणि टी दोन आठवड्यांपर्यंत वाढलेलं दिसतं, कारण मागून पुरवठा चालू असतो. साधारण बारा ते चोवीस तासांत शिखर, मग लांबलचक उतार.

आता बाबांचे आकडे. ६८ वरून ७१, म्हणजे तीनाची वाढ, चार टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीचाच आकडा वाढलेला असेल तर वीस टक्क्यांहून जास्त हालचाल झाली की आम्ही ताजी इजा म्हणतो, इथे म्हणजे जवळजवळ चौदानं. बाबांची रेघ सपाट आहे. हेच ६८, १९०, ४१० असं गेलं असतं तर मी आत्ता इथे टाइप करत बसले नसते.

आणि जुना_जीपी, चढउतार दिसला असता तरी 'अटॅक' हा शब्द त्यावरून निघत नाही. चढउतार फक्त इजा ताजी आहे एवढं सांगतो. ती कशानं झाली, ते नाही. सेप्सिस, फुप्फुसात गुठळी, मायोकार्डायटिस, दीडशेच्या वर धावणारी नाडी, हे सगळे असाच चढउतार दाखवतात. २०१८ च्या व्याख्येतही आकड्याच्या जोडीला रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा मागितला आहे, लक्षणं, ईसीजीतले नवे बदल किंवा इकोत भिंतीचा एखादा भाग नव्यानं न हलणं. ईसीजी आणि इको काय सांगतात?

कोकणातला_नाना
विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे लाल विंचू चावला की पण हे वाढतं. चुलतभावाच्या पोराला चावला होता, थंडगार घाम, छातीत पाणी, ट्रोप पॉझिटिव्ह. अठरा वर्षांच्या पोराला कसला आलाय ब्लॉकेज? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध रुळवलं तेव्हापासून अशी पोरं वाचायला लागली.

डॉ_शर्वरी
नाना, अगदी. तिथे रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. विषामुळे ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि तो थेट हृदयाच्या स्नायूला भाजून काढतो. त्या पोराला अटॅकची म्हणून रक्त पातळ करणारी औषधं दिली असती तर काय उपयोग?

मंजिरी_ठा
ईसीजीत 'एलव्हीएच, जुन्यासारखाच' असं लिहिलंय, दोनदा काढला. इकोतही हृदयाची भिंत जाड, पंपिंग ५५ टक्के, सगळे भाग सारखे हलतात. ॲस्पिरिन आणि पोटात हेपरिनची इंजेक्शनं चालू केली आहेत.

जुना_जीपी
डॉक्टरबाई, तुमचं पुस्तक बरोबर, पण एक भोक आहे त्यात. पेशंट तिसऱ्या दिवशी आला तर? तुम्हीच म्हणालात उतार लांबलचक असतो. लांबलचक उतारावर तीन तासांच्या अंतरानं दोन सॅम्पल घेतली तर रेघ सपाटच दिसणार. शिखरावर घेतली तरी सपाट. त्यात मधुमेही, दुखणं न कळणारा. न्यूमोनियाच्या आधी दोन दिवस छोटा अटॅक येऊन गेला नसेल कशावरून?

डॉ_शर्वरी
हा मुद्दा खरा आहे आणि तो खूप जण विसरतात. उशिरा आलेल्या पेशंटमध्ये तीन तासांच्या सपाटीवर विसंबायचं नसतं. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा टीच करा, आय नव्हे. उतारावर असतील तर तोपर्यंत आकडा बहुधा हललेला दिसेल. आणि याहून सोपं, मंजिरी, मागचा एखादा रिपोर्ट आहे का घरात? हेल्थ पॅकेज, डोळ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या, नेफ्रॉलॉजिस्टची फाइल. किडनी आणि जाड भिंत दोन्ही असलेल्या माणसाचं टी बारा महिने वर राहू शकतं. त्यांचा स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असेल तर निम्मा वाद इथेच मिटेल.

घाईबद्दल माझा आक्षेप असा. क्रिएटिनिन ३.४ असताना अँजिओग्राफीत टोचतात त्या डायनं किडनी आणखी खाली जाण्याचा धोका असतो. अटॅक खरा असेल तर तो धोका पत्करायचा, मीही पत्करते. हेपरिनचंही तसंच. हिमोग्लोबिन ८.१ आहे, ते कशानं कमी झालं ते कळल्याशिवाय रक्त पातळ करणं मला रुचत नाही.

लॅबवाला_मिरज
टेस्ट लिहिण्याबद्दलही कोणीतरी बोला. तापाच्या प्रत्येक ॲडमिशनला पॅकेजमध्ये ट्रोपोनिन घुसवलेलं असतं. विचारलं कशासाठी, तर उत्तर नाही. मग आलेला आकडा कोणाच्या तरी गळ्यात मारायला लागतो.

जुना_जीपी
धाप लागलेल्या सत्तरीच्या मधुमेही माणसात टेस्ट करायची नाही तर कोणात करायची? इथे ती बरोबरच लिहिली होती.

मंजिरी_ठा
सापडलं! आठ महिन्यांपूर्वी पुढच्या डायलिसिससाठी हातात फिस्टुला करायचं चाललं होतं, तेव्हा नेफ्रॉलॉजीवाल्यांनी तपासण्या केल्या होत्या. त्यात ट्रोपोनिन टी ५९. तेव्हा बाबा चालत जाऊन चालत आले होते. आज सकाळी इथे पुन्हा टी केलं, ६४. डॉक्टरांना दोन्ही दाखवलं. उद्याची अँजिओग्राफी त्यांनी पुढे ढकलली, हेपरिन थांबवलं, ॲस्पिरिन ठेवलंय. ऑक्सिजन आता ९४, ताप उतरतोय.

डॉ_शर्वरी
५९, ६८, ७१, ६४. नेहमीच्या पातळीवर न्यूमोनियानं थोडा ताण टाकला, असं मी वाचेन. नाडी ११८ आणि हिमोग्लोबिन ८ असताना तेवढं व्हायचंच. बारीकशी ताजी इजा त्यात अजिबात नाही असं मात्र छातीठोक म्हणता येणार नाही. एवढ्या फरकाचं निदान आकड्यावरून होत नाही.

जुना_जीपी
बरं, उद्याचं टळलं ते ठीक. पण आठ महिन्यांपूर्वीच ५९ होतं, तेव्हा कोणी पुढे काय केलं? सतत वाढलेलं ट्रोपोनिन असलेल्या किडनीच्या पेशंटचं भवितव्य नॉर्मलवाल्यापेक्षा वाईट असतं, हे तर तुम्हीही मान्य कराल. 'किडनीमुळे आहे' म्हणून फाइल बंद करणं मला पटत नाही. न्यूमोनिया बरा झाला की अँजिओग्राफी करूनच टाका, डायलिसिस तसंही दाराशी आलंय.

डॉ_शर्वरी
भवितव्याचं मान्य. किडनी नुसती ट्रोपोनिन साठवते म्हणून ते वाढतं, असंही नाही. जाड, थकलेला स्नायू ते थोडं थोडं सोडत असतो. पण त्यावरून ब्लॉकेज आहे असं कुठे ठरतं? आधी बीपी, हिमोग्लोबिन, अंगातलं पाणी सावरा. मग चालताना छातीत किंवा धापेत काही जाणवतं का ते पाहा आणि तेव्हा कार्डिओलॉजिस्ट आणि नेफ्रॉलॉजिस्ट एकत्र बसवून ठरवा.

जुना_जीपी
चालताना काही जाणवणारच नाही हो, मधुमेह आहे. तिथेच तर आपलं घोडं अडलंय.

मंजिरी_ठा
दोघांचंही छापून घेतलंय. शुक्रवारी नेफ्रॉलॉजिस्ट राउंडला येणार आहेत, तेव्हा दोन्ही कागद पुढे ठेवते.