मदत हवी आहे: आलेख मी केला, आकडे जनगणनेचे. खाली आधार म्हणून काय लिहू?

कुडाळकर_मुलुंड
आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत कोकणातल्या ओस पडणाऱ्या घरांवर दोन पानांचा लेख देतोय. त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची २००१ आणि २०११ची लोकसंख्या दाखवणारा तक्ता आणि आलेख आहे. दोन्ही एक्सेलमध्ये मीच केलेत. खाली 'स्रोत: इंटरनेट' लिहिलं होतं, संपादक काकांनी लाल पेनाने गोल करून परत पाठवलं. म्हणून 'स्रोत: लेखक' केलं, तर म्हणाले, "लोकसंख्या तू मोजलीस का?" आता काय लिहू?

नाखवा
'जनगणना २०११' एवढं लिहून मोकळे व्हा. सरकारी आकडे आहेत, परवानगीबिरवानगी काही लागत नाही.

शेवंता
मागे एका दिवाळी अंकात माझ्या आजीचा फोटो 'संग्रहित' म्हणून छापला होता. नाव नाही, गाव नाही. फार वाईट वाटलं. तुम्ही नाव नक्की द्या हो!

कुडाळकर_मुलुंड
ताई, फोटो नाहीये, आकडे आहेत. :)

आकडेमोडे
नाखवा, परवानगी लागत नाही हे खरं, पण आधाराची ओळ परवानगीसाठी नसतेच. वाचकाला शंका आली तर तो त्याच प्रकाशनातल्या त्याच आकड्यापर्यंत पोचला पाहिजे, त्यासाठी ती असते. जनगणना २०११ म्हणजे एक पुस्तक नव्हे, प्रकाशनांचा ढीग आहे.
कुडाळकर, तक्ता जसाच्या तसा उचलला असता तर नुसता आधार पुरला असता. तुम्ही आकडे निवडलेत, शेजारी मांडलेत, कदाचित काही गणितही केलं असेल. त्यामुळे आकडे कुठले आणि त्यांचं तुम्ही काय केलंत, या दोन्ही गोष्टी ओळीत याव्या लागतील. तक्ता इथे टाकता का?

कुडाळकर_मुलुंड
रत्नागिरी: १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, घट ४.९६ टक्के.
सिंधुदुर्ग: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१, घट २.३० टक्के.
गणित मी केलेलं नाही, टक्के तयार मिळाले.

आकडेमोडे
तिथेच घोळ आहे. रत्नागिरीचे ८१,७०८ लोक कमी झाले. त्याला १६,९६,७७७ ने भागा, ४.८२ टक्के येतात. सिंधुदुर्गचे २.२१ येतात. तुमचे टक्के तुमच्याच तक्त्यातून निघत नाहीत.
कारण असं. मार्च २०११च्या अखेरीस तात्पुरते आकडे जाहीर झाले, त्यात रत्नागिरी १६,१२,६७२ होती आणि सिंधुदुर्ग ८,४८,८६८. ४.९६ आणि २.३० हे त्या आकड्यांवरचे टक्के. अंतिम आकडे २०१३मध्ये प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्टमध्ये आले, तुमची लोकसंख्या तिथली. दोन्हींवर 'जनगणना २०११' असंच लिहिलेलं असतं, म्हणून नाखवांच्या ओळीखाली ही चूक बिनबोभाट छापली गेली असती.

कुडाळकर_मुलुंड
अरे देवा. लोकसंख्या खरंच ॲब्स्ट्रॅक्टच्या फाइलमधून घेतली आणि टक्के एका जुन्या पीडीएफमधून. पहिल्या पानावर 'तात्पुरते' होतं, मी थेट तक्त्यावर गेलो.

आकडेमोडे
मग टक्के स्वतः काढा आणि असं लिहा:
'आधार: भारताची जनगणना २०११, प्रायमरी सेन्सस ॲब्स्ट्रॅक्ट, महाराष्ट्र, २००१चे आकडे: भारताची जनगणना २००१. टक्के बदल लेखकाने काढला आहे.'
शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर ४.८२ हा आकडा जनगणनेच्या नावावर जाईल, आणि तिथे ४.९६ सापडलेला वाचक तुम्हालाच खोटं ठरवेल.

पाटीपेन्सिल
मध्येच विचारते. माझ्या प्रकल्पात जनगणनेचे आकडे 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी'तून घेतलेत. तिथे तक्त्याखाली महानिबंधकांच्या कार्यालयाचा आधार दिलाय. मी कुणाचं नाव देऊ?

आकडेमोडे
जे उघडून पाहिलंत त्याचं. 'आधार: महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, अमुक वर्ष, तक्ता क्रमांक अमुक, मूळ आकडे जनगणनेचे'. वर्ष हवंच, पाहणी दरवर्षी निघते. मूळ प्रकाशन न पाहता फक्त त्याचं नाव दिलंत, तर पाहणीत छपाईची चूक असली तरी ती जनगणनेच्या माथी बसेल.

नाखवा
मान्य. पण स्मरणिकेत एवढी लांब ओळ? लोक आलेख बघतात, खालचं कोण वाचतं! तक्त्याखाली पूर्ण लिहा आणि आलेखाखाली 'वरीलप्रमाणे'.

आकडेमोडे
आलेखाचा फोटो काढून कोणीतरी गावच्या ग्रुपवर टाकणार, मग 'वर' काय उरणार? माझं मत, दोन्हीखाली पूर्ण ओळ, बारीक टायपात.

कुडाळकर_मुलुंड
टक्के दुरुस्त केले, ओळ दोन्हीकडे टाकली. आता संपादक काका म्हणतात 'आधार' नको, 'स्रोत' लिही. आणि मांडणी करणारा म्हणतो आलेखाखाली एकच ओळ मावते. तिथे काय कापू?

शेवंता
आलेख थोडा बुटका करा की!