मदत हवी आहे: रस्त्याचं नाव बदललं, आता पत्ता आधी कुठे बदलायचा?

नमस्कार मंडळी. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्या-रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्या नगरपालिकेनेही सर्वसाधारण सभेत ठराव करून आमच्या रस्त्याला नवं नाव दिलं. जुनं नाव सांगताना माझ्या आईचा आवाज खाली जायचा, त्यामुळे घरात खूप आनंद आहे.

अडचण कागदांची आहे. घरपट्टीच्या बिलावर नवं नाव आलं, पण वीजबिल, आधार आणि बँकेत जुनंच आहे. मुलीच्या कर्जासाठी बँकेने दोन पत्ते जुळत नाहीत म्हणून अर्ज परत केला. घर क्रमांक, पिनकोड तेच आहेत, घर काही हललेलं नाही!

माझा विचार असा: आधी घरपट्टीची पावती जोडून वीजबिल बदलायचं, मग नव्या वीजबिलावर आधार आणि शेवटी आधारवर बँक. हा क्रम बरोबर आहे का? ठरावाची प्रमाणित प्रत तोंडी मागून मिळाली नाही, म्हणून 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकतेय. पण त्याला 30 दिवस लागू शकतात. तोवर ‘जुने नाव अमुक’ असं पत्त्यात लिहिलेलं बँकेत कुणाचं चाललंय का?