अनुभव धागा : हास्यक्लबासाठी मैत्रीच्या ओळी, वयाचा उल्लेख टाळून

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन साजरा होतो आणि त्या सकाळी आमच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या हास्यक्लबात सर्वांनी मिळून म्हणायच्या नव्या ओळी हव्या आहेत. विषय मैत्रीचा असावा, वयाचा उल्लेख नसावा, एवढीच अट आहे. आपल्या क्लबात कोणत्या ओळी रंगल्या आणि कोणत्या पडल्या, ते कृपया सविस्तर लिहावे.

टाळकरी
मी आमच्या क्लबात व्यायाम घेतो, म्हणून आधी ठेक्याविषयी लिहितो. ‘हो हो, हा हा हा’ या घोषात पाच टाळ्या पडतात, आधी दोन आणि मग तीन. नवी ओळ याच पाच टाळ्यांवर बसली, तर ती कोणालाही शिकवावी लागत नाही. आमच्याकडे रुळलेल्या ओळी अशा आहेत :

या या, सारे या!
दे दे, टाळी दे!
चा घे, पोहे घे!
हो हो, हा हा हा!

‘चहा’ऐवजी ‘चा’ घेतला आहे, कारण ‘चहा’ म्हटले की एक टाळी जास्त पडते आणि मागच्या रांगेचा ठेका सुटतो. शेवटची ओळ ‘आ’वर संपवावी, म्हणजे तोंड उघडेच राहते आणि तिथूनच हसू सुरू करता येते. ‘प्रेम’सारख्या शब्दावर ओळ संपली, तर ओठ मिटतात आणि हसण्यासाठी पुन्हा श्वास घेऊन सुरुवात करावी लागते.

सदाफुली
आमच्या मंडळातील एका कवींनी ‘संध्याकाळच्या उन्हातही मैत्री आमची अजून फुलते’ अशी ओळ दिली होती. तिच्यात वयाचा आकडा नाही हे खरे. परंतु ‘संध्याकाळ’ ऐकताच सर्वांना जे कळायचे ते कळले आणि ‘अजून’ या शब्दाने उरलीसुरली शंकाही फेडली. ‘मनाने तरुण’, ‘दुसरी खेळी’ आणि वाढदिवसाचे ‘शतायुषी व्हा’ हे सारे त्याच माळेचे मणी. आम्ही सकाळी जमतो, तेव्हा सकाळच ओळीत यावी, असे मी सुचवले आणि ‘कोवळ्या उन्हात आला गडी माझा’ अशी ओळ ठरली. पुढारी ती म्हणतो, बाकीचे ‘हा हा हा’ म्हणत शेजाऱ्याला टाळी देतात. बायकांनी ‘आली सखी माझी’ म्हणायला सुरुवात केली, तेही चालते.

नाना_कट्टेकर
ओळींचा एवढा खटाटोप कशाला? हास्यक्लबाची चळवळ मुळात विनोदांवरच उभी राहिली आहे. चार चांगले विनोद सांगा, मैत्री आपोआप होते.

टाळकरी
नाना, आपले म्हणणे अर्धे खरे आहे. डॉ. मदन कटारिया यांनी 1995 साली मुंबईत पाच जणांसह पहिला क्लब सुरू केला, तेव्हा विनोदच सांगत असत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, कोणाला तरी लागणारे विनोद येऊ लागले, आणि म्हणून विनोदाशिवाय हसण्याची पद्धत आली. मैत्रीच्या ओळीत थट्टा जरूर असावी, पण ती दोघांची मिळून असावी. आमच्याकडे प्रश्नोत्तर चालते : ‘टोपी कोणाची?’ ‘तुझी, तुझी!’ ‘डोक्यावर कोणाच्या?’ ‘माझ्या, माझ्या!’ हे म्हणताना खरोखरच टोपी बदलतात. ज्यांना नीट ऐकू येत नाही, तेही हातवारे पाहून बरोबर सामील होतात.

शांताबाई_ठाणे
माझ्या यजमानांचे हर्नियाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे. त्यांनी यात भाग घ्यावा का?

सदाफुली
जोरात हसताना पोटावर ताण येतो, त्यामुळे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी हसू नये. तोवर बाकावर बसून टोप्या सांभाळण्याचे काम त्यांना द्यावे. आमच्याकडे त्या कामासाठी भांडणे होतात.

अठ्ठ्याहत्तरीची_उषा
मला ही अटच पटत नाही. माझे वय मी नावातच लिहिले आहे आणि त्यावर मी स्वतः सर्वांत मोठ्याने हसते. उल्लेख टाळला की ते काही लाजिरवाणे आहे असे वाटू लागते.

सदाफुली
उषाताई, आपण स्वतःच्या वयावर हसता ते छानच आहे. परंतु सामूहिक ओळ सर्वांच्या तोंडी येते आणि आमच्या क्लबात सुनेबरोबर येणाऱ्या सासूबाई आहेत, पहाटेची पाळी संपवून येणारा बागेचा रखवालदारही आहे. ‘आपण सारे ज्येष्ठ’ म्हटले की तो गप्प उभा राहतो, ‘या या, सारे या’ म्हटले की टाळी देतो.

अठ्ठ्याहत्तरीची_उषा
रखवालदाराचा मुद्दा मान्य आहे, अटीचा नाही. तरी माझ्याकडून एक ओळ घ्या, पाच टाळ्यांची : ‘तू ये, मी आले!’ पुरुषांनी ‘आलो’ म्हणावे, आणि जो उशिरा येईल त्याने ती एकट्याने म्हणावी.