कार्बनवर किंमत की थेट नियम? जालन्याच्या सळईवरून चर्चा

निबंधकार_नांदेड
पर्यावरणीय अर्थशास्त्राच्या निबंधात बाह्य परिणामांवरून कार्बन कर आणि थेट नियमन यांची तुलना करायची आहे. कर स्वस्त पडतो असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं, पण का, ते आपल्याकडच्या उदाहरणावर बसवता येत नाही. जालन्याच्या स्टीलवर कुणी आकडे मांडून दाखवेल का?

गोदाकाठ
जालन्यात भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततात आणि ते लाटून सळई काढतात. बिलेट गार झालं की लाटण्याआधी पुन्हा हजार-अकराशे अंशांपर्यंत तापवावं लागतं, आणि कोळसा जळतो तो या भट्टीत. बिलेट लाल असतानाच थेट रोलिंगला नेलं तर भट्टीचं काम वाचतं.

आता दोन मिल समजा (आकडे हिशेबापुरते). दोघींच्या भट्ट्यांतून वर्षाला १०,००० टन कार्बन डायऑक्साइड निघतो. पहिलीची वितळभट्टी शेजारीच आहे. वाचलेला कोळसा वजा जाता तिला एक टन कमी करायला ५०० रुपये लागतात. रोल बदलायला मिल थांबली की बिलेट गार होतंच, म्हणून तिची मजल ६,००० टनांपर्यंत. दुसरी मिल गार बिलेट विकत आणते. तिला भट्टीच बदलावी लागेल, टनाला ३,००० रुपये.

सरकारला एकूण ६,००० टन कमी हवेत. "प्रत्येकीने ३,००० टन" असा नियम केला तर पहिलीचे १५ लाख आणि दुसरीचे ९० लाख, मिळून १ कोटी ५ लाख. त्याऐवजी टनाला १,५०० रुपये कर लावा. पहिली आपणहून ६,००० टन कमी करते, दुसरी काहीच करत नाही. हवेतून तेवढाच वायू कमी झाला आणि प्रत्यक्ष खर्च आला ३० लाख. कुठल्या मिलला किती खर्च येतो हे अधिकाऱ्याला माहीत असायची गरजच पडली नाही. अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या कल्पनेचं बळ इथे आहे: दुसऱ्याच्या डोक्यावर पडणारा खर्च भावात आणा, कोणी किती कमी करायचं ते ज्याचं तो ठरवील.

सळईलाइन
साहेब, हिशेब अर्धाच केलात. दुसऱ्या मिलने १०,००० टनांवर १,५०० ने दीड कोटी कर भरला, तो कुठे गेला? नियमात तिचे ९० लाखच जात होते. पहिलीनेही उरलेल्या ४,००० टनांवर ६० लाख भरले, वर सुधारणेचे ३० लाख. म्हणजे ९० लाख, आणि नियमात तिला १५ लाखांत सुटका होती. दोन्ही मालकांना नियमच परवडतो. शेवटी कर सळईच्या भावात चढणार आणि घर बांधणारा भरणार. मग प्रदूषण कमी कुठे झालं?

आणि दर चुकला तर? टनाला ४०० लावला असता तर पहिली मिलसुद्धा हलली नसती. नियमात निदान ६,००० टन कमी होणार हे नक्की असतं.

काळीमाती
आमच्या शिवारापासून वीज केंद्राचा राखेचा तलाव जवळच आहे. वेचणीच्या दिवसांत वारं सुटलं की राख बोंडावर बसायली, व्यापारी भाव पाडायलेत. तुम्ही टनामागं पंधराशेचा कर म्हणता, त्यानं माझ्या कापसावरची राख कमी होणार का तेवढं सांगा.

शाश्वती_लातूर
दादा, नाही होणार. या कराचा तुमच्या राखेशी संबंध नाही, पण तुमच्या प्रश्नामुळे निबंधाचा खरा सांधा उघडा पडला.

कार्बन डायऑक्साइड जालन्यात निघो की जर्मनीत, तापमानावरचा परिणाम सारखाच. म्हणून कमी कुणी केला याला महत्त्व नाही आणि "पहिलीने करावं, दुसरीने पैसे भरावेत" हे चालतं. राखेचं तसं नाही. ती ज्या शिवारावर पडते तिथेच नुकसान. दुसऱ्या केंद्राने आपली राख आवरली म्हणून यांचा कापूस पांढरा होत नाही. तिथे नियमच हवा: तलावावर पाण्याचा थर, सुकलेल्या भागावर मातीचं आच्छादन, ट्रकवर ताडपत्री.

किमतीचा वापर तिथेही झालाय. आपल्या कोळशात राख ३०-४० टक्क्यांच्या घरात असते. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई ठेवली. पण ही किंमत साठून राहिलेल्या राखेवर आहे, कापसावर पडलेल्या राखेवर नाही. वीटभट्टीला गेलेली राख वापरलेली धरली जाते, वाटेत किती उडाली ते या हिशेबात येत नाही. किंमत चुकीच्या जागी बसली की असं होतं.

गोदाकाठ
शाश्वतीताई, सांधा बरोबर, पण धुळीवर किंमत चालतच नाही असं मानू नका. सुरतेत २०१९ पासून कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांच्या चिमण्यांना मोजणी यंत्रं लावून धुळीच्या परवान्यांचा बाजार चालवला. जुन्याच नियमाखालच्या कारखान्यांच्या तुलनेत तिथली धूळ २०-३० टक्के घटली.

सळईलाइन, तुमची बेरीज बरोबर आहे, निष्कर्ष नाही. कर म्हणजे जळून गेलेला पैसा नव्हे. गोळा झालेले २ कोटी १० लाख उत्पादनाच्या प्रमाणात परत द्या. दोघींची सळई सारखी धरली तर प्रत्येकीला १ कोटी ५ लाख मिळतात. पहिलीला १५ लाख सुटतात आणि दुसरीचे निव्वळ ४५ लाख जातात, म्हणजे नियमाच्या निम्मे. स्वीडनने १९९२ पासून मोठ्या बॉयलरच्या नायट्रोजन ऑक्साइडवर हेच केलं: आकार गोळा करायचा आणि निर्माण केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत द्यायचा.

दर चुकण्याचा मुद्दा मात्र मान्य. अर्थतज्ज्ञ वाइट्झमन यांचा १९७४ चा युक्तिवाद त्यावरच आहे. थोडं जास्त सुटलं की नुकसान एकदम चढत असेल तर प्रमाण ठरवून द्या, सावकाश चढत असेल तर किंमत लावा. कार्बन वर्षानुवर्षं साठत जातो, एका वर्षाच्या चुकीने कडा कोसळत नाही.

करसल्लागार_बीड
एक गोष्ट कुणी धरली नाही. कोळशावर २०१० मध्ये टनाला ५० रुपये उपकर आला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. टनभर देशी कोळशातून दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किंमत टनाला साधारण २७० रुपये पडली. गोदाकाठांच्या पहिल्या मिलला लागतात ५००, ती हलली नसती.

२०१७ पासून तोच जीएसटीचा भरपाई उपकर झाला. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या उपकराची वजावट, फक्त भरपाई उपकराच्याच देण्यातून वळतं करता यायचं, आणि सळईवर तो उपकर नाही. त्यामुळे मिलला ४०० रुपये पदरचे जायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर काढला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. वाचणाऱ्याला वाटतं कर वाढला. पण हे १८ टक्के मिल सळईवरच्या जीएसटीतून वळते करून घेते. मिलपुरती कोळशावरची कार्बनची किंमत शून्य झाली. वीज जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे वीज केंद्राला क्रेडिट नाही, पण ते इंधनखर्च बिलात चढवतं. शिवाय टक्केवारीचा कर भावावर बसतो, म्हणून राखाड स्वस्त कोळशावर टनामागे कमी आणि चांगल्या कोळशावर जास्त. निबंधात "भारतात कोळशावर कर आहे" एवढंच लिहू नका, तो शेवटी कुणाच्या खिशातून जातो ते लिहा.

सळईलाइन
हे क्रेडिटचं पटलं. पण गोदाकाठ, परतावा उत्पादनावर दिलात तर सळई फारशी महाग होणार नाही, मग लोक लोखंड कमी वापरतील कशाला? भावातून धडा मिळतो हाच तुमचा मूळ मुद्दा होता. आणि परताव्यासाठी मिल टनेज फुगवून दाखवणार नाही याची हमी कोण घेणार?

करसल्लागार_बीड
टनेज ई-वे बिल आणि वीजबिलाशी ताडता येतं. टनभर भंगार वितळवायला किती युनिट लागतात हे ठरलेलं असतं, युनिट न वाढता टन वाढले की पकडता येतं. मात्र गार बिलेट विकत आणणाऱ्या दुसऱ्या मिलला ही पडताळणी लागू पडत नाही, तिच्याकडे वितळच नाही. तिथे बिलेटच्या खरेदीवरूनच धरावं लागेल. सळईच्या भावाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काळीमाती
ताई, त्या ताडपत्रीच्या नियमाची तक्रार कुठं करायची? ट्रक रात्री जायलेत.

शाश्वती_लातूर
दादा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. अर्जात ट्रकचा नंबर, तारीख, वेळ आणि जागा लिहा, फोटो जोडा. नुसतं "राख उडते" लिहिलं तर तपासणीला लोक येतात त्या दिवशी तलावावर पाणी मारलेलं असतं.