मदत हवी आहे: जुन्या ग्राहकांना कार्यशाळेचं आमंत्रण कसं लिहू?

नमस्कार मंडळी, नाशिकला इंदिरानगरात माझी छोटी नर्सरी आहे. कुंडीतल्या झाडांच्या छाटणीची मोफत कार्यशाळा घेतेय. व्हॉट्सॲप ब्रॉडकास्ट नको, कारण ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही. म्हणून वहीतल्या नोंदी बघून एकेकाला लिहितेय:

"ताई, पावसाळ्यात नेलेल्या जास्वंदीवर मावा पडला होता ना? आता कशी आहे? रविवारी सकाळी १० वाजता नर्सरीत छाटणी शिकवणार आहे. फी नाही. तुमची कुंडी घेऊन याल का?"

पहिली ओळ प्रत्येकीसाठी वेगळी, बाकी तीच. पण ज्यांची नोंद फक्त "तुळस, १" एवढीच आहे, त्यांना सुरुवात काय करू? खोटी ओळख दाखवायची नाही. आणि "फी नाही" आधीच सांगावं की त्यांचं उत्तर आल्यावर?